चिकुनगुनिया की लेप्टो: तिसऱ्या दिवसाचा ‘निगेटिव्ह’ कसा वाचावा

समजा, कोकणात भातलावणी करून आलेल्या एखाद्याला ताप आला, अंग ठणकू लागले आणि तिसऱ्या दिवशी त्याने चिकुनगुनिया व लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) या दोन्हींची आयजीएम, म्हणजे संसर्गानंतर शरीरात सुरुवातीला तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची, तपासणी करून घेतली. दोन्ही निगेटिव्ह आल्या, तरी त्यावरून कोणताच आजार नाही असे ठरत नाही. चिकुनगुनियाची प्रतिपिंडे साधारणतः चौथ्या-पाचव्या दिवसानंतर आणि लेप्टोची पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास रक्तात सापडू लागतात. म्हणून डॉक्टरांना ‘परवापासून बरे नाही’ असे मोघम न सांगता ताप चढला तो दिवस सांगावा.

पहिल्या आठवड्यात दोन्हींसाठी रक्ताची पीसीआर अधिक उपयोगी असते, कारण ती प्रतिपिंडे नव्हे, तर जंतूचाच अंश शोधते. चिकुनगुनियाचा विषाणू रक्तात सापडण्याची शक्यता पहिल्या पाच दिवसांत सर्वाधिक असते. लेप्टोचे जिवाणू साधारण पहिला आठवडाभर रक्तात असतात आणि पुढे लघवीतून बाहेर पडू लागतात. मात्र प्रतिजैविक सुरू झाल्यावर ते रक्तात सापडणे कठीण होते, म्हणून शक्य असल्यास नमुना आधी घ्यावा, पण त्यासाठी औषध अडवून ठेवू नये.

दोन्ही आजारांतील खरा फरक थांबण्याच्या किमतीत आहे. चिकुनगुनियावर विषाणू मारणारे प्रचलित औषध नाही, त्यामुळे निदान चार दिवस उशिरा झाले तरी उपचार फारसे बदलत नाहीत. लेप्टो मात्र मूत्रपिंड, यकृत व फुप्फुसांवर जाऊ शकतो आणि डॉक्सीसायक्लिनसारखे प्रतिजैविक लवकर दिल्यास लाभ होतो. पोटऱ्या दाबल्यावर कळ येत असेल, डोळे लाल पण चिपडांविना असतील, लघवी कमी झाली असेल आणि चिखलपाण्यात वावर झाला असेल, तर माझ्या मते डॉक्टरांनी अहवालाची वाट न पाहता लेप्टोचे उपचार सुरू करणेच योग्य; सोबत मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृतासाठी बिलिरुबिन आणि प्लेटलेट्स पाहावेत. याउलट मनगटे, घोटे आणि बोटांचे सांधे दोन्ही बाजूंनी सुजले असतील व अंगावर पुरळ असेल, तर कल चिकुनगुनियाकडे जातो. (डेंगी वगळला जाईपर्यंत ताप-वेदनेसाठी पॅरासिटामॉलच घ्यावे, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नको.)

आपल्या रुग्णाचा ताप सातव्या दिवशीही टिकला, तर आयजीएमची तपासणी एलायझा पद्धतीने पुन्हा करण्यात अर्थ आहे. तेव्हा ती पॉझिटिव्ह आली तरी थोडी सावधगिरी हवी, कारण दोन्ही आजारांत आयजीएम काही महिने रक्तात राहू शकते आणि हा अहवाल मागच्या संसर्गाचाही असू शकतो. लेप्टोबाबत शंका उरल्यास दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या रक्ताच्या दोन नमुन्यांची ‘मॅट’ ही प्रतिपिंडांचे प्रमाण मोजणारी तपासणी करतात. दुसऱ्या नमुन्यात प्रतिपिंडांचे प्रमाण किमान चौपट झाले, तर निदान पक्के होते. पण तोवर उपचारांचा कोर्स बहुधा संपलेला असतो.