टाकीच्या पाण्याचे वायफाय सेन्सर, सात महिन्यांनंतर

कांदिवलीत आमची तीन विंगची सोसायटी, प्रत्येक गच्चीवर एक टाकी आणि तिला लेव्हल सेन्सर, लॅमिंग्टन रोडवरून आणलेले. सेन्सरचे निरोप घेऊन पुढे पोचवणारा ब्रोकर म्हणून ऑफिसातल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर मॉस्किटो हा प्रोग्राम. रीडिंग अचूक येतं, त्याबद्दल तक्रार नाही, पण बी विंगचा सेन्सर दिवसातून पंधरा-वीस वेळा ऑफलाइन जायचा आणि दर वेळी वॉचमनकाकांच्या मोबाइलवर अलर्ट, शेवटी त्यांनी तो म्यूटच केला.

मला आधी ब्रोकरच्या लिमिटचा संशय, म्हणून `max_connections` बघितलं तर ते सेटच नव्हतं, म्हणजे मॉस्किटोकडून मर्यादाच नाही, आणि जोडलेली डिव्हाइसं तर मोजून सहा. दोन सेन्सरना एकच क्लायंट आयडी असेल तर ते एकमेकांना हाकलतात, पण तसं असतं तर लॉगमध्ये `already connected` आलं असतं. आमच्याकडे रोज हेच:

```
Client tank-b has exceeded timeout, disconnecting.
```

म्हणजे सेन्सर गप्प बसला म्हणून ब्रोकरने लाइन कापली. सेन्सरच्या सेटिंग पेजवर कीपअलाइव्ह, म्हणजे सेन्सरने जास्तीत जास्त किती वेळ गप्प राहायचं तो अवधी, 15 सेकंद होता, ब्रोकर त्याच्या दीडपट म्हणजे साडेबावीस सेकंद वाट बघतो आणि तेवढ्यात काहीच आलं नाही की सेशन संपलं. मी 60 केला, आता ब्रोकर 90 सेकंद थांबतो. सेन्सर खरोखर मेला तर दीड मिनिट उशिरा कळणार, पण टाकी काय दीड मिनिटात रिकामी होत नाही. ड्रॉप पाच-सहावर आले, पण थांबले नाहीत.

मग वेळा कागदावर लिहून काढल्या तर सगळे ड्रॉप सकाळी पावणेसात ते अकरा, संध्याकाळी एकही नाही. साडेसहाला पंप बंद होतो ना, टाकी काठोकाठ भरलेली! पेजवर सिग्नल बघत बसलो: रात्री टाकी अर्धी असताना उणे 72 डीबीएम, सकाळी भरल्यावर उणे 87, म्हणजे बराच कमजोर. राउटर जिन्याच्या वरच्या टोकाला आणि सेन्सरचा डबा टाकीच्या नेमका पलीकडच्या अंगाला, वरच्या कडेजवळ, म्हणजे मध्ये हजारो लिटर पाणी, आणि पाणी 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल चांगलाच खातं. हे डोक्यात यायला मला चार महिने लागले, हसू नका.

डबा जिन्याच्या बाजूला आणला, प्रोबची वायर चार फूट वाढवली, इलेक्ट्रिशियनचा अर्धा तास. आता टाकी भरलेली असतानाही उणे 69 आणि गेल्या पाच आठवड्यांत दोनच ड्रॉप, दोन्ही लाइट गेली तेव्हाचे.

कंपनीच्या सपोर्टवाल्यांनी तिन्ही वेळा "राउटर रिस्टार्ट करा" एवढंच सांगितलं, त्याचा एक स्टार कापला. वॉचमनकाकांनी अलर्ट अजून अनम्यूट केलेला नाही.