बाबांच्या सत्तरीचं भाषण: कागद वाचावा की चिठ्ठीवर बोलावं?

घरात बाबांची सत्तरी ठरली आणि बोलायचं आपल्यावर आलं, की पहिला प्रश्न पडतो तो हाच. मी दोन्ही करून पाहिलं आहे. आईच्या एकसष्टीला चार फुलस्केप कागद लिहून वाचले आणि मागच्या वर्षी बाबांच्या सत्तरीला तळहाताएवढ्या चिठ्ठीवर बोललो. दोन्ही कार्यक्रम दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात, घरापुढच्या मांडवातच झाले. माणसं जवळपास तीच, माईकही तोच. म्हणून तुलना करायला थोडा आधार आहे, एवढंच म्हणतो.

बाबांची कागदोपत्री जन्मतारीख 1 जुलै, गुरुजींनी शाळेत नाव घालताना मांडलेली. पण त्या दिवसांत पेरणीचा घोर असतो, मांडवात येणार कोण? कापसाचा पहिला वेचा घरी आल्यावर आम्ही कार्यक्रम घेतला. बायांनी औक्षण केलं, मग माझं बोलणं आणि लगेच पंगत. मागे वांग्याची भाजी उकळत असते, रोडगे गोवऱ्यांतून निघत असतात. लोक पाच-सहा मिनिटं मनापासून ऐकतात, त्यापुढे त्यांचं लक्ष पत्रावळीकडे जातं. कागद असो की चिठ्ठी, ही मर्यादा दोघांनाही आहे.

कागदाचे फायदे खरे आहेत. नाव सुटत नाही. आपल्याकडे मामांचं नाव घेतलं आणि मोठ्या बाबांचं राहिलं, तर ते तेरवीपर्यंत लक्षात राहतं. शिवाय गळा दाटून आला तर नजर टेकवायला जागा मिळते. ज्याला चारचौघांत उभं राहिलं की शब्दच सुचत नाहीत, त्यानं कागद घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

पण आईच्या वेळी जे झालं ते माझ्या मनातून गेलं नाही. आई निंदणाला जाताना बायांच्या आधी तासाच्या टोकाला कशी पोचायची आणि तिथं उभी राहून मागच्यांची हजेरी कशी घ्यायची, तो गमतीचा भाग मी वाचला. त्या बाया समोरच बसल्या होत्या. मांडव हसला, आणि चांगला लांब हसला. मी मात्र खाली बघून वाचत होतो, हसू ओसरायची वाट पाहायचं भानच नव्हतं. पुढचं वाक्य होतं, ‘माझ्या अ‍ॅडमिशनसाठी आईनं गळ्यातली पोत मोडली.’ चार पानं लिहिली होती ती याच एका वाक्यासाठी, आणि ते हशाखाली गेलं. रात्री भांडी आवरताना आईनं विचारलं, "पोतीचं काय म्हणत होता रे?" चुलीपाशी मी ते तिला पुन्हा सांगितलं, पण ज्या माणसांपुढे सांगायचं होतं ती घरी गेली होती.

विनोद आणि कृतज्ञता एकाच भाषणात आणायची तर जोखमीची जागा हीच असते, दोघांच्या मधली. हसू किती वेळ टिकेल हे आधी कागदावर लिहिता येत नाही. ते मांडवाकडे बघूनच कळतं. थांबायचं, समोर पाहायचं, मागच्या रांगेतला शेवटचा माणूस शांत झाला की पुढचं वाक्य सोडायचं. कागदात डोळे असले की हे साधत नाही, निदान मला तरी साधलं नाही.

म्हणून बाबांच्या वेळी पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मी एवढेच शब्द लिहिले: काटा, दार, 41, 37, काटा मारला, एसटी, झडती.

त्यामागची गोष्ट अशी. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी बायांचा कापूस ताणकाट्यावर मोजतात, आणि बाबा ते आकडे कोठ्याच्या दारावर खडूनं मांडतात. जिनिंगवर माल नेण्याआधी घरी एकदा वजन केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी पहिल्यांदा यवतमाळला वसतिगृहात निघालो तेव्हा त्यांनी मलाही काट्याच्या आकडीला दोन्ही हातांनी लोंबकळायला लावलं आणि दारावर लिहिलं, 41. दिवाळीला परत आलो, पुन्हा लोंबकळवलं. 37 भरलो. बाबांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चार किलोचा काटा मारला त्यायनं!"

मांडवातल्या प्रत्येक कास्तकाराचा कधी ना कधी काटा मारला गेला आहे. हे वाक्य त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. हसू एका बाजूनं सुरू झालं ते पार आचाऱ्यापर्यंत गेलं. मी थांबलो. बाबाही हसत होते आणि माझ्याकडेच बघत होते. ते पुरतं शांत झाल्यावर मी पुढचं सांगितलं: दिवाळी झाल्यावर दर शनिवारी सकाळच्या एसटीनं ड्रायव्हरजवळ डबा यायला लागला, आणि तो एसटीत ठेवायला बाबा वावरातलं काम सोडून फाट्यापर्यंत चालत जायचे. दोन वर्षांत एक शनिवार चुकला नाही. दारावरचा 37 त्यांनी अजून पुसू दिला नाही, रंग मारतानाही तेवढी चौकट सोडली. या वेळी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. बाबांनी दुपट्टा डोळ्याला लावला, तो मी पाहिला. वाचत असतो तर दिसला नसता.

चिठ्ठीचे तोटेही सांगतो. तयारी कागदापेक्षा जास्त लागते. मी पंधरा दिवस वावरात जाताना ही गोष्ट मोठ्यानं बोलून पाहत होतो. ड्रायव्हर आणि फाटा आला की आवाज फाटायचा, म्हणून तेवढीच दोन वाक्यं रोज म्हणून घेतली, तेव्हा कुठे ती सरळ निघायला लागली. नावांची भीती मात्र राहतेच. त्यासाठी आभाराची यादी मी वेगळ्या कागदावर लिहून लहान भावाला दिली आणि ती त्यानं वाचली. कागद त्या कामाला उत्तम आहे.

आणखी एक गोष्ट, चिठ्ठीवर बोलताना ओघात भलतंच तोंडून जाऊ शकतं. कर्ज, वाटणी आणि सुनांचं कौतुक-तक्रार हे तीन विषय आधीच बाजूला ठेवलेले बरे. काट्याची गोष्टही मी आदल्या आठवड्यात आईला सांगून पाहिली होती. ती म्हणाली, "सांग, पण वसतिगृहाचं नाव नको घेऊ." ते मानलं.

भाषाही बदलते. आईच्या कागदात मी ‘कष्टमय जीवनप्रवास’ असलं काहीबाही लिहिलं होतं. बोलताना तसे शब्द तोंडात येतच नाहीत, घरातली बोली येते. ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांना ती जवळची वाटते, असा माझा अनुभव. तुमच्या घरी कदाचित वेगळं असेल.

शेवटचा शब्द होता झडती, म्हणजे बैलांपुढे मोठ्यानं म्हणायचं कवन. पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की बाबांची झडती अख्ख्या गावाला ऐकू जायची. गेल्या काही वर्षांत त्यांचा आवाज बसला, ते म्हणत नाहीत. मी त्यांच्याकडे तोंड केलं आणि म्हटलं:

"काट्याले टांगलं, दारावर मांडलं,
लेकरू बाबानं डोयात तोललं,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

पुढचं मला म्हणावं लागलं नाही. सगळा मांडव ‘हर हर महादेव’ म्हणाला, आणि त्यात बसक्या आवाजात बाबाही होते.