सप्लायरला मुदतवाढीचं पत्र देताय? आमच्या कृषी केंद्रासोबत काय झालं ते आधी वाचा

खरीपाचा माल डिस्ट्रिब्यूटरकडून उधारीत उचलायचा आणि गावात शेतकऱ्याला उधारीतच द्यायचा, असा धंदा करणाऱ्या सगळ्या कृषी केंद्रवाल्यांसाठी हे लिहितोय. माझं दुकान यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडच्या एका गावात आहे. डिस्ट्रिब्यूटर शहरातला, नाव लिहीत नाही, पण जे केलं ते सगळं जसंच्या तसं सांगतो, कारण हाच प्रकार दुसऱ्यासोबत व्हायला वेळ लागणार नाही.

२०२४ चा हंगाम आठवा. सोयाबीनचा हमीभाव ४८९२ आणि बाजारात भाव चार हजाराच्या आसपास, त्यामुळे शेतकरी माल घरात धरून बसला, कापसाचा पहिला वेचा निघून त्याचा चुकारा हातात यायला अजून वेळ, म्हणजे गावातली माझी सगळी उधारी अडकलेली आणि तिकडे डिस्ट्रिब्यूटरची ९० दिवसांची मुदत संपत आलेली. माझ्याकडे त्यांची तीन बिलं होती, १० जूनचं १,३०,०००, २२ जूनचं १,००,००० आणि ८ जुलैचं २,५०,०००. एकूण ४,८०,०००.

फोन उचलायचं टाळण्यापेक्षा मुदत संपायच्या आसपासच सरळ लिहून द्यावं म्हणून ५ ऑक्टोबरला लेटरहेडवर पत्र दिलं. पत्रात बाकी किती, अडचण कशामुळे आली, गावात किती उधारी येणं आहे हे लिहिलं आणि खाली हप्ते दिले, ३१ ऑक्टोबरला ८०,०००, ३० नोव्हेंबरला १,५०,००० आणि ३१ डिसेंबरला २,५०,०००. हे आकडे असेच नव्हते टाकले. जीएसटीमध्ये बिलाच्या तारखेपासून १८० दिवसात सप्लायरचे पैसे दिले नाही तर त्या बिलावर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं, म्हणून जूनची दोन्ही बिलं पहिल्या दोन हप्त्यात आणि जुलैचं डिसेंबर संपायच्या आत बसेल असा हिशोब लावला होता. उशिराचं व्याज १ ऑक्टोबरपासून महिन्याला दीड टक्का, तेही जेवढी बाकी राहील तेवढ्यावरच, म्हणजे ऑक्टोबरचे ७,२००, नोव्हेंबरचे ६,००० आणि डिसेंबरचे ३,७५०, असं मीच पत्रात लिहून दिलं. पत्र चांगलंच होतं, माझ्या वकील ताईंनीही नंतर तेच म्हटलं.

पत्राला लेखी उत्तर आलं नाही. आठवडाभराने त्यांचा वसुलीचा माणूस दुकानात आला, चहा घेतला आणि म्हणाला, "शेठनं हो म्हटलं भाऊ, तुमी काही टेन्शन घेऊ नका. फक्त एक चेक सही करून द्या, फाइलीत ठेवाले लागते." इकडे सगळ्याच पार्ट्या सिक्युरिटीचा चेक मागतात, त्याशिवाय माल सुटत नाही, हे ज्याचं दुकान आहे त्याला माहीत आहे. चेकवर माझी सही होती, बाकी तारीख, रक्कम सगळं कोरं.

३१ ऑक्टोबरला ऐन दिवाळीत ८०,००० फर्मच्या खात्यात टाकले. नोव्हेंबरमध्ये हरभऱ्यासाठी ६२,००० चा माल घेतला, त्याची मुदत वेगळी ठरली होती. ३० नोव्हेंबरला एक लाख फर्मच्या खात्यात गेले आणि उरलेल्या पन्नास हजारासाठी त्या माणसाचा फोन आला, "भाऊ, आमचं खातं आज होल्डवर आहे, बाकीचे माह्या नंबरवर टाका, मी सोमवारी जमा करून पावती देतो." पावती कधी आली नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, होऊन जाईन भाऊ. लेजर मागितला की अकाउंटंट सुट्टीवर.

२० डिसेंबरला, म्हणजे तिसऱ्या हप्त्याची तारीख यायच्या अकरा दिवस आधी, त्यांनी तो कोरा चेक भरला आणि बँकेत लावला. रक्कम टाकली पूर्ण ४,८०,०००. माझ्या खात्यात तिसऱ्या हप्त्यासाठी गोळा केलेले दोन लाखाच्या वर होते, पण चेक परत गेला. जानेवारीत वकिलाची कलम १३८ ची नोटीस आली आणि तिच्यात काय लिहिलं असेल, तर "आपण दि. ५ ऑक्टोबरच्या पत्राने ४,८०,००० रुपयांची बाकी स्वतः कबूल केलेली आहे". माझं पत्र माझ्याच विरोधात लावलं, हप्त्यांचा कागद बाजूला ठेवला आणि कबुलीचं एक वाक्य तेवढं उचललं.

भावांनो, इथे नीट लक्ष द्या. मुदत मागणारं पत्र हे आपल्यासाठी विनंती असते पण कायद्यासाठी ती कर्जाची लेखी कबुली पण असते. वसुलीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत संपलेली नसताना अशी कबुली सही करून दिली की ती मुदत त्या दिवसापासून नव्याने सुरू होते. यात चुकीचं काही नाही, देणं आहे तर आहेच. पण समोरच्याने "तुमचे हप्ते मंजूर" असं लिहून दिलेलं नसेल, तर त्याच्या हातात तुमची कबुली आहे आणि तुमच्या हातात त्याचं काहीच नाही.

नोटीस आल्यावर वकील ताईंनी पहिलं काम लेजर मागवण्याचं केलं, लेखी. लेजर आला तेव्हा खरा खेळ दिसला. माझ्या ८०,००० मधले ३८,००० त्यांनी "व्याज डेबिट नोट" म्हणून कापले होते, तेही बिलाच्या तारखेपासून महिन्याला दोन टक्के लावून, उरलेले ४२,००० मोकळे ठेवून पुढे नोव्हेंबरच्या हरभऱ्याच्या बिलात वळवले, त्या बिलाचे राहिलेले २०,००० माझ्या एक लाखातून घेतले आणि जूनच्या बिलात जमा झाले फक्त ८०,०००. पन्नास हजाराचा तर कुठेच पत्ता नाही. म्हणजे मी २,३०,००० देऊन मोकळा झालो असं समजत होतो आणि त्यांच्या वहीत जुनी बाकी चार लाख उभी होती.

त्या डेबिट नोटचं पण सांगतो. सीएकडचा पोरगा जीएसटी पोर्टलवर टू-बी काढून बघत बसला, त्यात त्यांची सगळी बिलं होती, ही डेबिट नोट मात्र नव्हती. उशिराच्या व्याजावर पण जीएसटी लागतो, खरी नोट काढली असती तर रिटर्नमध्ये टाकून आम्हाला दिसली असती. म्हणजे ती फक्त त्यांच्या वहीत होती, आमच्यापर्यंत कधी पाठवलीच नाही. दर महिन्याला टू-बी आणि सप्लायरचा लेजर समोरासमोर ठेवून पाहिला की असा माणूस लवकर पकडला जातो.

आता आम्ही कशावर वाचलो ते. दोन्ही वेळी पैसे पाठवल्यावर मी त्यांच्या ऑफिसच्या व्हॉट्सअपवर मेसेज टाकला होता की हे पैसे अमुक तारखेच्या अमुक बिलापोटी. करार कायद्याच्या कलम ५९ मध्ये असं आहे की देणाऱ्याने कोणत्या देण्यापोटी पैसे देतोय हे सांगितलं आणि घेणाऱ्याने ते घेतले, तर त्याला ते तिथेच जमा करावे लागतात. काहीच सांगितलं नाही तर मात्र तो त्याच्या मर्जीने कुठल्याही कायदेशीर बाकीत टाकू शकतो. माझे मेसेज ब्लू टिकसकट होते, त्यामुळे त्यांची व्याजात आणि हरभऱ्यात वळवावळव उघडी पडली.

दुसरी गोष्ट चेकची. सही केलेला कोरा चेक मनाने दिला असेल तर रक्कम दुसऱ्याने भरली म्हणून आपण सुटत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट म्हटलं आहे, त्यामुळे "चेक तर कोरा होता साहेब" हे उत्तर चालत नाही. पण २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात असं आलं की चेक दिल्यानंतर काही पैसे दिले गेले असतील, तर ती रक्कम चेकवर नोंदवल्याशिवाय पूर्ण रकमेचा चेक लावून १३८ चा गुन्हा होत नाही, कारण चेक लागतो त्या दिवशी तेवढी बाकीच राहिलेली नसते. आमचे १,८०,००० त्यांच्याच बँकेत गेलेले. त्यांच्या स्वतःच्या लेजरमध्ये जुनी बाकी चार लाख आणि चेक चार लाख ऐंशी हजाराचा, कारण त्यांनी आकडा लेजरमधून नाही तर माझ्या पत्रातून उचलला होता. ताईंनी उत्तरात हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि बँक स्टेटमेंट जोडलं. केस दाखल झाली नाही, शेठचा फोन आला की बसून हिशोब करू.

हिशोब बसला. २,५०,००० तिसरा हप्ता, हरभऱ्याचे ६२,००० आणि माझ्या दराने व्याज एवढं आम्ही दिलं, चेक परत घेतला, बाकी निरंक असा सही-शिक्क्याचा कागद घेतला. फक्त त्या पन्नास हजाराला शेठने हात वर केले, तो माणूस आता आमच्याकडे नाही म्हणे, त्यामुळे ते पन्नास हजार दोनदा द्यावे लागले. त्याच्यावर पोलीस स्टेशनला अर्ज दिलाय, अजून काही झालं नाही. ते पैसे माझ्या बायकोच्या बचतीतून गेलेत आणि त्याचा राग मला आजही आहे.

यंदा दुसऱ्या एका पार्टीला तसंच पत्र द्यायची वेळ आली तेव्हा ताईंनी हप्त्यांच्या खाली ही वाक्यं घालायला लावली, हवी तर उचला:

"वरील प्रत्येक हप्ता समोर लिहिलेल्या बिलापोटीच जमा करावा. व्याज शेवटच्या हप्त्यासोबत वेगळे देण्यात येईल. सर्व रक्कम फक्त आपल्या फर्मच्या खाली लिहिलेल्या खात्यात भरली जाईल, कोणाही व्यक्तीच्या खात्यात नाही. सोबत दिलेला चेक क्र. ____ हा फक्त तारणापोटी असून, भरलेली रक्कम वजा जाता जी बाकी राहील तेवढ्यापुरताच आहे. वरील तारखा मंजूर असल्यास दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का करून द्यावा."

ती पार्टी दुसऱ्या प्रतीवर सही करायला दोन दिवस घोळ घालत होती, पण मी चेक ती प्रत सही होऊन आल्यावरच दिला, आणि त्याचा फोटो पण काढून ठेवला. आणि कोणाला नोटीस आलीच तर पोस्टमनला परत पाठवू नका, घ्यायला नकार दिला तरी ती मिळाली असंच धरतात. मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस असतात, त्या दिवसातच लेजर मागा, स्टेटमेंट काढा आणि वकिलाकडून लेखी उत्तर पाठवा.