‘सेंटीमीटरला ९० रुपये’ म्हणजे नेमके किती?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे कृषी केंद्र. मृगाच्या आधी बियाण्यांची जाहिरात द्यायची म्हणून मालकाने पेपरवाल्याला बोलावले. गळ्यात ओळखपत्र, हातात कालचा अंक घेऊन तो गाडीवर आला आणि म्हणाला, “रेट ९० रुपये सेंटीमीटर पडते भाऊ, जिल्हा आवृत्तीत लावतो.” दुकानातल्याच एका कागदाच्या पाठीवर त्याने हिशोब मांडला: २ कॉलम, १० सेंटीमीटर, ९० रुपये, एकूण १८००. मालकाला परवडले, त्याने होकार दिला.

जाहिरात छापून आली आणि मागोमाग बिल आले ७५६० रुपयांचे.

हिशोब चुकलेला नव्हता, एकक बदलले होते. कॉलम सेंटीमीटरमध्ये जाहिरातीची उंची आणि कॉलमची संख्या यांचा गुणाकार होतो, म्हणजे २ गुणिले १० बरोबर २०. चौरस सेंटीमीटरमध्ये खरी रुंदी आणि उंची यांचा गुणाकार होतो. मोठ्या आकाराच्या पेपरचे पान साधारण ३३ सेंटीमीटर रुंद असते. ८ कॉलमचे पान असेल तर एक कॉलम अदमासे ४ सेंटीमीटरचा पडतो. म्हणून दोन कॉलमची जाहिरात ८ सेंटीमीटर रुंद आणि १० उंच, म्हणजे ८० चौरस सेंटीमीटर. ८० गुणिले ९० बरोबर ७२००, वर ५ टक्के जीएसटीचे ३६०. तीच जागा, तोच आकडा, पण रक्कम चौपट. नुसते ‘सेंटीमीटर’ म्हणणाऱ्याला दोन्ही अर्थ ठाऊक असतात, आपल्याला एकच.

बिलावर पेपरचे नाव आणि चिन्ह ठळक होते. मालकाने पैसे त्या माणसाच्या खासगी मोबाइल नंबरवर पाठवले. वाद नको, हंगाम तोंडावर आहे, कास्तकार दुकानात उभे आहेत, अशा घाईत हेच होते.

खरी गोष्ट पेपरच्या जिल्हा कार्यालयात उघडी पडली. तिथे रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात लावण्याचा लेखी आदेश, काढून पाहिली. जागा ८० चौरस सेंटीमीटर, आवृत्ती मात्र जिल्ह्याची नाही, फक्त तालुका पुरवणी, दर ३०. २४०० अधिक जीएसटी १२०, एकूण २५२० रुपये जमा. उरलेले ५०४० रुपये कार्यालयात पोहोचलेच नव्हते. अंक दुकानात आला तेव्हा ते पान पुरवणीचे आहे हे वर छापलेले होते, पण आपली जाहिरात दिसली की पानाचा माथा कोण वाचतो?

त्या बिलावर जीएसटी लावला होता, जीएसटी क्रमांक मात्र नव्हता. एवढी एक गोष्ट पाहिली असती तरी पैसे वाचले असते. हा क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो. gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसते. बिल जाहिरात एजन्सीचे असेल तर नाव एजन्सीचे दिसेल, त्यात वावगे काही नाही. पण क्रमांकच नसेल आणि कर मात्र घेतला असेल तर तिथेच थांबा.

दर विचारायचा तर लेखी विचारा, आणि विचारा कार्यालयाला. अंकात मुद्रक, प्रकाशक आणि संपादकांची नावे असलेली ओळ छापलेली असते. तिथला फोन किंवा ईमेल घ्या, ओळखपत्रावरचा नको. मजकूर एवढा पुरतो:

“रुंदी ८ सेंमी, उंची १० सेंमी, काळी-पांढरी, आतील पान. यवतमाळ जिल्हा आवृत्ती आणि तालुका पुरवणी, दोन्हींचे दर वेगवेगळे कळवावे. दर चौरस सेंमीचा की कॉलम सेंमीचा? एका कॉलमची रुंदी किती? जीएसटी धरून एकूण रक्कम किती? पैसे कोणत्या खात्यात भरायचे?”

कॉलमची रुंदी विचारणे जरुरीचे आहे, कारण सगळ्याच पेपरांत आणि सगळ्याच पानांवर ८ कॉलम नसतात. डिझाइन करणाऱ्यालाही हाच आकडा द्या. ८ बाय १२ चे डिझाइन ८ बाय १० च्या जागेत गेले की अक्षरे दबतात आणि मोबाइल नंबर वाचता येत नाही.

पैसे देण्याआधी रिलीज ऑर्डरची प्रत मागा आणि त्यावर आवृत्ती, तारीख, माप व दर वाचा. छापल्यावर अंकावर पट्टी ठेवा, चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. छपाईत एखाद-दोन मिलिमीटर सरकते. पण १० ऐवजी ९ उंची भरली तर ८ चौरस सेंटीमीटर गेले, ९० च्या दराने ७२० रुपये.

या प्रकरणात मालकाकडे पाठीवर हिशोब लिहिलेला तो कागद, मोबाइलवरच्या पैशांची नोंद आणि छापील पान होते. त्याने तिन्हींच्या प्रती जोडून जाहिरात विभागाकडे लेखी तक्रार दिली, पोहोच घेतली आणि २५२० रुपयांचे खरे बिल मागून घेतले. उरलेल्या ५०४० रुपयांची तक्रार त्याच कागदांसह पोलीस ठाण्यात दिली.