राखी की फराळ? आखाडात बसून मांडायचा हिशेब

आमच्या आर्वीकडच्या गावात पेरणी आटोपली की बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो: यंदा राख्या करायच्या की दिवाळीचा फराळ? दोन्ही करू म्हणणाऱ्या बायका असतात, पण गटाकडे पैसा एकाच कामापुरता असतो. मी दोन्ही केलं आहे. या दोन कामांमधला खरा फरक कोणतं सोपं यात नाही. घेणाऱ्याच्या हातात पैसा कधी असतो आणि आपले हात कधी मोकळे असतात, यात तो आहे.

राखीपौर्णिमा येते तेव्हा गावातला पैसा बियाणं आणि खतात जमिनीत गेलेला असतो. शेतात निंदण चालू असतं, त्यामुळे बाई दिवसभर वावरात आणि राखी रात्री दिव्याखाली. दिवाळीच्या वेळी सोयाबीन विकून झालेलं असतं, कापसाची पहिली वेचणी हाती येत असते, पगारदारांकडे बोनस आलेला असतो. पण नेमकं तेव्हाच सोंगणी आणि वेचणीला मजूर मिळत नाही आणि मजुरीचा दर चढतो. म्हणून दोन्हीकडे आपल्या मेहनतीची मजुरी धरल्याशिवाय हिशेब करू नये. घरी बसून केलं म्हणजे फुकट झालं, असं नसतं.

तारखाही आधी पाहून घ्या. 2025 मध्ये राखीपौर्णिमा 9 ऑगस्टला होती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती 28 ऑगस्टला, आणि लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरवरून 8 नोव्हेंबरला गेलं. ज्या वर्षी अधिक महिना सणांच्या आधी येतो, त्या वर्षी राखीला जवळजवळ तीन आठवडे जास्त मिळतात. फराळ मात्र ऐन वेचणीत सापडतो.

आता एक हजार राख्यांचा हिशेब मांडू. रेशीम, मोती, टिकल्या, मधलं पदक असा माल नागपूरच्या इतवारीतून ठोक घेतला तर साध्या राखीला पाच रुपये पडतात, म्हणजे पाच हजार. पुठ्ठे, डबे आणि जाण्यायेण्याचे आठशे. सरावलेली बाई बसून दिवसाला साठ राख्या करते, म्हणजे एकूण सतरा दिवसांचं काम. सहाशे राख्या दुकानदाराने बारा रुपयांनी घेतल्या आणि अडीचशे आठवडी बाजारात वीस रुपयांनी गेल्या, तर बारा हजार दोनशे येतात. दीडशे उरल्या, त्या सोडून द्या. खर्च वजा जाता सहा हजार चारशे, दिवसाला पावणेचारशेच्या आसपास. निंदणाची मजुरी अडीचशे धरली तर हे वाईट नाही.

पण दुकानदार माल घेताना एक वाक्य बोलतो, ते नीट ऐकावं. "नाही इकल्या तर वापस घ्या लागते हो ताई." पहिल्या वर्षी मी हो म्हटलं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सहाशेपैकी अडीचशे राख्या परत आल्या. तीन हजार तिथंच गेले आणि मजुरी दोनशेवर आली, निंदणापेक्षा कमी. परतीच्या बोलीवर माल द्यायचाच असेल तर दर बारा नाही, पंधरा सांगा. नाहीतर निम्मे पैसे आधी घ्या.

राखीची एक बाजू मात्र फराळात नाही. बांधून झालेली राखी पौर्णिमेनंतर मेली, पण सुटा माल मरत नाही. पंधरा दिवसांनी पोळा असतो. तेच रेशीम, तेच मोती, त्याच टिकल्या बैलाच्या बाशिंगाला, गोंड्यांना आणि माळांना चालतात. गावात बैलजोड्या कमी झाल्या हे खरं आहे, पण दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला लेकरांचे लाकडी बैल सजवायला आईबाप पैसे काढतात. त्यानंतर महालक्ष्म्यांची आरास येते, मग दिवाळीची तोरणं. म्हणून माझं म्हणणं असं: माल जूनमध्येच आणा, नमुने करून दुकानदारांना दाखवा, पण हजार राख्या आधीच बांधून ठेवू नका. चारशे बांधा, मागणी पाहून पुढच्या बांधा. मागणी आषाढी एकादशीनंतर कळायला लागते. टपालाने राखी पाठवणाऱ्या बहिणी तर पौर्णिमेच्या दहा-बारा दिवस आधीच खरेदी उरकतात.

श्रावणातली दमट हवा गोंद वाळू देत नाही. चिकटवलेले मोती डब्यातच गळतात, म्हणून ओवून गाठ मारलेली राखी करा. धागा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा. रंग फडक्याला लागला तर भावाच्या मनगटालाही लागेल.

आता फराळ. शंभर किलो धरू, साठ किलो पोह्यांचा चिवडा आणि चाळीस किलो चकली. करंजी-अनारसे मी मुद्दाम सोडते. त्यांचा वेळ फार जातो आणि पार्सलमध्ये मोडतात. पोहे, दाणे, डाळवं, खोबरं, तेल मिळून चिवडा किलोला एकशे पाच पडतो, चकली एकशे पंधरा. गॅस आणि पिशव्या किलोला पंचवीस. एकूण तेरा हजार चारशे, आणि तेही एकदम, विकण्याआधी. चिवडा दोनशे ऐंशी आणि चकली तीनशे साठ रुपये किलोने गेली तर एकतीस हजार दोनशे येतात. सतरा हजार आठशे उरतात. निवडणं, भाजणं, तळणं, भरणं धरून तीस बायका-दिवस लागतात, म्हणजे दिवसाला सुमारे सहाशे. पंधरा किलो उरला तरी साडेचारशेच्या जवळ. सोंगणीच्या मजुरीपेक्षाही हे बरं आहे.

मग सगळ्यांनी फराळच का करू नये? कारण गाव फराळ विकत घेत नाही, गाव तो घरी करतं. घेणारे तालुक्याच्या ठिकाणचे शिक्षक, बँकेतले लोक, ज्यांची लेकरं पुण्या-मुंबईला आहेत ते आईबाप. तुमच्यापैकी कुणाची तिथं रोजची ओळख नसेल तर शंभर किलो कुठं नेणार? गणपती उठले की छटाक-छटाक वानगी वाटा आणि दसऱ्यापर्यंत आगाऊ पैसे घेऊन मागणी लिहून घ्या. दसऱ्याला वहीत चाळीस किलोही नसेल तर कढई चढवू नका. खाण्याच्या विक्रीला अन्नसुरक्षा नोंदणी लागते, ते काम पावसाळ्यातच उरका, ऑक्टोबरात कुणाला सवड नसते.

फराळ बिघडतो तो मुख्यतः तेलाने. सप्टेंबरात एक किलोचा घाणा करून पिशव्या बंद करा, अर्ध्या मांडणीवर उजेडात ठेवा, अर्ध्या डब्यात अंधारात. वीस दिवसांनी उघडा. उजेडातल्या आधी खवट लागतील, आणि त्यावरून दुकानात माल कुठं ठेवायला सांगायचा ते कळेल. अंधारातल्याही खवट लागल्या तर तेल जुनं होतं किंवा एकाच तेलात फार घाणे काढले. चकली तेल पीत असेल तर तेल पुरेसं तापलेलं नव्हतं किंवा मोहन जास्त झालं. पोहे मऊ पडले तर ते नीट वाळले नव्हते. परतीच्या पावसात उन्हाचा भरवसा नसतो, मंद आचेवर कुरकुरीत भाजून घ्या. पार्सल लक्ष्मीपूजनाच्या दहा दिवस आधी निघायला हवं, म्हणजे तळण त्याच्या आदल्या आठवड्यात.

तुमच्या गटात सहा बायका असतील, गाठीला पाच-सहा हजार असतील आणि तालुक्यात ओळख नसेल, तर मी राखी सांगेन, पण पोळा आणि महालक्ष्म्यांपर्यंत माल फिरवायच्या तयारीनेच. कुणी तालुक्याच्या शाळेत स्वयंपाकाला जाते किंवा एखादीची लेक तिथं नोकरीला आहे, आणि पंधरा हजार अडकवायची ताकद आहे, तर फराळ. दोन्हीची हौस असेल तर राखीचा पैसा पोळ्यानंतर मोजा आणि तेवढ्यातच जितका किराणा बसेल तितकाच फराळ करा. कर्ज काढून किराणा भरू नका.