चहाट की गुळाफ? पुडीवर कोणतं नाव घालावं

माझी मावसबहीण कोल्हापुरात गंगावेशीजवळ गुळाच्या चहाची पुडी विकायला काढते आहे. नावं दोनच उरली आहेत: चहा आणि पहाट मिळून 'चहाट', गूळ आणि वाफ मिळून 'गुळाफ'.

जोडणीत चहाट सरस आहे. चहा ज्या 'हा'वर संपतो, तिथूनच पहाट पुढं चालू होते. फक्त 'प' गळतो, सांधा कळत नाही. गुळाफमध्ये वाफेचा 'व' जातो, आणि उरलेल्या 'आफ'वरून वाफ आठवेलच असं नाही.

पण नाव बाजारात बोललं जातं. म्हणून आम्ही ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला वाक्यात घालून म्हणायला लावलं, प्रत्यय लावून. 'चहाटला किती पैसे?' हे भरभर म्हटलं की 'चाटला' ऐकू येतं. 'चहाट' घाईत 'चाट' होतं, आणि खिशाला चाट बसणं दुकानदाराला नको असलेलीच गोष्ट. आत्या तर ऐकल्याबरोबर म्हणाली, "चहाटळ म्हणायचंय का गं?" चहाटळ म्हणजे वात्रट, नको ते बोलणारा. शिवाय आपल्याकडं खेड्यात चहाला 'च्या' म्हणतात, त्यामुळं नावातला चहा अनेकांना ओळखू येत नाही. रोमन लिपीत तर `Chahat` होतं आणि परगावचा माणूस ते सरळ 'चाहत' वाचतो. सर्च केलं की चहाच्या आधी गाणी पुढं येतात.

गुळाफचे दोष कमी, पण आहेत. फोनवर ते 'गुलाब' ऐकू येतं, म्हणून स्पेलिंग सांगावंच लागेल. `Gulaf` वाचताना 'ळ' हरवतो. दर्ग्यावर चढवतात त्या गलेफाशीही नाव जवळचं आहे. त्यात वाईट काही नाही, तरी ओळखीच्या मुस्लिम कुटुंबाला आधी विचारणं मला आवश्यक वाटतं. सगळ्यात मोठी अट वेगळीच आहे: नावात गूळ आला की उद्या साखरेचा चहा याच नावानं विकता येणार नाही, ती फसवणूक ठरेल. कोल्हापुरी गुळाला 2014 पासून भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा 'कोल्हापुरी' लिहायचं तर गूळही इथलाच हवा.

फक्त गुळाचाच चहा विकायचा असेल तर माझं मत गुळाफला. पुढं साधी पत्ती, आल्याचा मसाला असं वाढवायचं असेल तर दोन्ही सोडून नवीन जोडणी करावी.

पुड्या छापायच्या आधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर मोफत शोध घ्यायचा. चहा पत्ती वर्ग 30 मध्ये येते, टपरी किंवा हॉटेल वर्ग 43 मध्ये. 'फोनेटिक' हा पर्याय निवडून `Gulaf`, `Gulab`, `Gulaaf` अशी तिन्ही स्पेलिंगं टाकायची, कारण नोंदणीला उच्चारातलं साम्यही आड येतं.