स्क्रीनशॉटमधले दोन रस्ते : अटल सेतू की वाशी?

मंगळवारी रात्री भाच्याचा व्हॉट्सॲप आला. चिंचवड ते सीएसएमटी, गूगल मॅप्सचा स्क्रीनशॉट आणि खाली एकच ओळ : "मामा, हाच रस्ता बरा ना?" कशाने जाणार, कधी निघणार, काही नाही. गाडी, बाइक, ट्रेन यांची चित्रं असलेली वरची पट्टीही कापलेली. म्हणजे त्याने कुठला मोड निवडला होता, हे चित्रावरून थेट कळायला मार्ग नाही.

तरी चित्र बरंच बोलतं. गडद निळी रेघ एक्सप्रेसवेने जाऊन पुढे अटल सेतूवरून शिवडीला उतरते : १४८ किमी, २ तास २० मिनिटं. फिकी रेघ एक्सप्रेसवेनेच जाते, पण कळंबोलीहून वाशी, मानखुर्द अशी आत शिरते आणि दहा मिनिटं जास्त घेते. अंतराला वेळेने भागलं की ताशी ६३ किमीच्या आसपास वेग येतो. रेघ अखंड आहे. पायी रस्ता असता तर ठिपके दिसले असते. दोन्ही रेघा एक्सप्रेसवेवरून जातात आणि तिथे दुचाकीला बंदी आहे. तेव्हा ॲप मोटारीच्या मोडवर होतं, हे नक्की. मात्र ॲप मोटारीवर होतं म्हणजे भाचा मोटारीने निघालाय असं नाही. बरेचजण मोड बदलायचं विसरतात.

इथे एक सावधगिरी. लोणावळा-खंडाळ्याजवळ जुना हायवे आणि एक्सप्रेसवे इतके जवळून जातात की लांबून घेतलेल्या चित्रात कोणती रेघ कशावर आहे हे डोळ्यांना कळत नाही. रेघेपेक्षा खालची 'मार्गे' ही ओळ वाचावी. तीही कापलेली असेल, तर पूर्ण स्क्रीनशॉट मागवावा.

आता वेळ. स्क्रीनशॉटच्या डोक्यावर फोनचं घड्याळ होतं : १०:४१. ॲपमध्ये वेगळी वेळ घातली नसेल, तर 'आत्ता निघालो तर' असा हिशेब येतो. पुढची वेळ घातली, तर एकच आकडा न येता 'अमुक ते तमुक' असा पट्टा दिसतो. इथे एकच आकडा होता, म्हणजे तो रात्री पावणेअकराचा मुंबईचा रस्ता. सकाळच्या मुंबईबद्दल ही दहा मिनिटं काहीच सांगत नाहीत.

मोटारीने जायचं धरलं, तर दोन रस्त्यांतली निवड जवळजवळ पूर्णपणे वेळेवर ठरते. पहाटे चारला निघालास, तर साडेसहाच्या आत मुंबईत असशील. तेव्हा वाशीचा पूल मोकळा असतो, आणि ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना तिथला टोलही नाही. अशा वेळी अटल सेतूचा टोल भरून फार काही वाचत नाही. सेतू सुरू झाला तेव्हा मोटारीला एका फेरीचे २५० रुपये होते. एकटा माणूस, घाई नाही, तर मी वाशी घेईन. पण कामाच्या दिवशी सकाळी सहा-साडेसहाला निघालास, तर वाशी आणि मानखुर्दला नेमका ऑफिसच्या गर्दीत पोचतोस. मग सेतूच. मिनिटं किती वाचतील हे मी सांगणार नाही. पण त्याचे जवळपास २२ किलोमीटर सिग्नलशिवाय जातात, त्यामुळे पोचायची वेळ आधी सांगता येते, आणि मीटिंग असेल तर तेवढंच लागतं. रविवारी संध्याकाळी मुंबईकडे जाणं हा वेगळा ताप आहे. तेव्हा गर्दी आधी एक्सप्रेसवेवरच भेटते, आणि ती दोन्ही रस्त्यांना सारखीच.

ट्रेनचं म्हणशील, तर सिंहगड एक्सप्रेस चिंचवडला थांबते आणि थेट सीएसएमटीला जाते. तो पर्याय या चित्रात नाही एवढंच.

हे सगळं लिहायच्या आधी मी दोनच प्रश्न पाठवले : "कशाने? आणि तिथे किती वाजता पोचायचंय?" किती वाजता निघणार हे मी मुद्दाम विचारत नाही. लोक निघण्याची वेळ अंदाजाने सांगतात, पोचायची पक्की माहीत असते.

उत्तर आलं : "बुलेट. उद्या दहाला इंटरव्ह्यू."

म्हणजे दोन्ही रेघा बाद. एक्सप्रेसवेवर दुचाकी नाही, अटल सेतूवरही नाही. मी लिहिलं : "यातला एकही रस्ता तुझा नाही. ॲपमध्ये बाइकचं चित्र दाब आणि उद्या दहाला पोचायचंय अशी वेळ घाल. जुना हायवे येईल : वडगाव, लोणावळा, खोपोली, पनवेल, मग वाशी. जो पट्टा दाखवेल, त्यातला मोठा आकडा धर आणि खोपोलीत चहाला अर्धा तास वेगळा ठेव. नवीन स्क्रीनशॉट पाठव, पण या वेळी कापू नकोस."